चाळीस पैशांची वाढ आणि अठ्ठावीस रुपयांचे मुद्दल

जानेवारी २०२६ मध्ये कल्याणच्या पुढे राहणाऱ्या एक ताई आमच्याकडे आल्या. "जय भीम" झाला, पाणी झाले, आणि त्यांनी पिशवीतून घराच्या कर्जाची फाईल काढून आमच्यापुढे ठेवली. वर बँकेचा नवा कागद होता. त्यावर लिहिले होते, की आपल्या व्याजदरात २५ बीपीएस कपात करण्यात आली आहे. ताई म्हणाल्या, "भाऊ, हे पंचवीस म्हणजे काय ते आधी सांगा. मागच्या वेळी आम्ही असेच कागद आले तसे घडी घालून ठेवले, आणि फसलो."

मागच्या वेळी काय झाले, ते त्या फाईलमध्येच होते. त्यांच्या घरातील कर्ता पुरुष कारखान्यात कामाला आहे, दहावीतील मुलगी आहे, आणि वन रूम किचन घेण्यासाठी जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी १२ लाखांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने काढले होते. दर होता ६.८० टक्के आणि हप्ता ९,१६० रुपये. त्याच वर्षी ४ मे रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४० बेसिस पॉइंटने वाढवल्याची बातमी आली. ताईंच्या मालकांनी कुठून तरी विचारून घेतले आणि घरी सांगितले, "काही नाही, शंभराला चाळीस पैसे वाढलेत." त्यांचा हिशेब बरोबर होता. चुकला तो अंदाज. चाळीस पैशांनी कुणाचे घर बुडते, असे त्यांना वाटले.

तेव्हा या पैशांपासूनच सुरुवात करू, कारण ही तुलना आम्हाला फार सोयीची वाटते. रुपयात जसे शंभर पैसे, तसे एका टक्क्यात शंभर बेसिस पॉइंट. बँकवाले आणि वर्तमानपत्रे त्याला कधी आधार अंक म्हणतात, कधी आधार बिंदू, तर कागदावर नुसते बीपीएस लिहून मोकळी होतात. वस्तू एकच. आपल्या बोलीत त्याला आधीपासून नावेही आहेत. पाव टक्का म्हणजे २५ बेसिस पॉइंट, अर्धा टक्का म्हणजे ५०, पाऊण टक्का म्हणजे ७५. अडचण येते ती ३५ किंवा ४० आल्यावर, कारण त्यांना पाव-अर्धा असे सोयीचे नाव नाही. तेथे पैशांचाच आधार घ्यावा लागतो.

टक्क्याचे बेसिस पॉइंट करायचे तर शंभराने गुणायचे, आणि बेसिस पॉइंटचे टक्के करायचे तर शंभराने भागायचे. एवढेच गणित आहे. पण एवढ्याशा गणितातही माणसे दशांश चिन्हावर अडखळतात. म्हणून आम्ही ताईंच्या मुलीला एक साधी शिस्त सांगितली. दर लिहिताना टिंबानंतर नेहमी दोन आकडे लिहावेत, रुपये-पैसे लिहितो तसे. ७ टक्के असेल तर ७.००, साडेआठ असेल तर ८.५०. मग टिंब पुसून टाकावे. ७०० आणि ८५० झाले. उलट जाताना उजवीकडून दोन आकडे मोजून टिंब द्यावे. आकडे कमी पडले तर पुढे शून्ये लावावीत. ४० चे ०.४० होतात, आणि ५ चे ०.०५. येथे पुष्कळ जण ५ चे ०.५ करतात, म्हणजे पाच पैशांचे पन्नास पैसे करतात. क्वचित ८.१२५ असा तीन आकडी दर दिसतो. तेथे टिंब पुसायचे नाही, दोन घरे उजवीकडे सरकवायचे. ८१२.५ होतात.

आता ताईंची फाईल. बँकेने कर्ज देताना दर टक्क्यांत लिहिला होता. पुढचे कागद मात्र नुसत्या बीपीएसचे होते. जुलै २०२२ मध्ये ९०, ऑक्टोबरमध्ये १००, जानेवारी २०२३ मध्ये ३५ आणि एप्रिलमध्ये २५. दर किती झाला ते कागदाच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरांत होते, आणि ते कुणी वाचले नव्हते. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात सहा वेळा वाढ केली होती: ४०, ५०, ५०, ५०, ३५ आणि २५. ताईंच्या कर्जाचा दर मात्र दर तीन महिन्यांनी नव्याने लावला जाई. त्यामुळे पहिल्या दोन वाढी एकत्र होऊन ९० चा कागद आला, आणि पुढच्या दोन मिळून १०० चा. तुमच्या बँकेच्या तारखा वेगळ्या असतील तर कागदावरचे आकडेही वेगळे दिसतील. बेरीज मात्र तीच यायला हवी.

मुलीने आमच्यासमोर वहीत दर मांडले. टक्क्यांत ६.८०, ७.७०, ८.७०, ९.०५ आणि ९.३०. शेजारी बेसिस पॉइंट लिहिले: ६८०, ७७०, ८७०, ९५० आणि ९३०. आम्ही काही बोललो नाही. फक्त म्हणालो, "बाळ, आता प्रत्येक आकड्यातून त्याच्या आधीचा वजा कर, आणि बँकेच्या कागदाशी लावून बघ." पहिला फरक ९० आला, बरोबर. दुसरा १००, तोही बरोबर. तिसरा आला ८०, आणि बँकेचा कागद म्हणतो ३५. चौथ्याला तर दर वाढण्याऐवजी २० ने कमी झाला! तिच्याच लक्षात आले. ९.०५ ला तिने मनात ९.५ असे वाचले होते. टिंबानंतरचे शून्य गिळले, की पंचेचाळीस बेसिस पॉइंट हवेत निर्माण होतात. खरा आकडा ९०५. तो लिहिल्यावर फरक ३५ आणि २५ असे जुळले, आणि शेवटच्या ९३० मधून पहिले ६८० वजा केल्यावर २५० आले. रिझर्व्ह बँकेच्या सहा वाढींची बेरीजही २५०च होते.

ही वजाबाकीची ताळमेळ आम्हाला रूपांतरापेक्षाही महत्त्वाची वाटते. एकटा आकडा चुकला तर कळत नाही. यादीत चुकला, तर शेजारचे दोन फरक लगेच बिघडतात आणि चुगली करतात.

ताईंनी मध्येच विचारले, "पण मग सरळ अडीच टक्के वाढ म्हणायला काय जाते यांचे? हा नवा शब्द कशाला?" प्रश्न रास्त आहे. ६.८० टक्क्यांचा दर ९.३० झाला. त्यात अडीच टक्के वाढ झाली असे आपण म्हणतो. पण १२ लाखांवर महिन्याचे व्याज ६,८०० रुपये होते, ते ९,३०० झाले. म्हणजे व्याजाचा भार जवळजवळ ३७ टक्क्यांनी वाढला. दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्हीत शब्द एकच आहे, टक्के. दर दहा टक्क्यांनी वाढला असे कुणी म्हणाले, तर ८ चा ८.८० झाला की १८ झाला, हे त्या वाक्यावरून सांगता येत नाही. ८० बेसिस पॉइंट वाढ म्हटले, की एकच अर्थ उरतो. शब्द परका असला तरी तो असा कामाला येतो. मात्र तो साध्या माणसाला पाठवायच्या कागदावर अर्थ न सांगता छापणे, याला आमची हरकत आहे.

चाळीस पैसे ऐकून अंदाज का चुकला, तर ते पैसे प्रत्येक शंभर रुपयांवरचे होते, आणि कर्जात असे बारा हजार शंभर होते. त्यासाठी घरात पाठ करून ठेवावा असा एक आकडा आहे. एक लाखावर एक बेसिस पॉइंट म्हणजे वर्षाला १० रुपये. लाखाचा एक टक्का हजार रुपये, आणि त्याचा शंभरावा भाग दहा रुपये, म्हणून. यापुढे कागदाची वाट पाहावी लागत नाही. १२ लाखांवर ४० बेसिस पॉइंट म्हणजे बारा गुणिले चाळीस गुणिले दहा, वर्षाला ४,८०० रुपये. आणि २५० बेसिस पॉइंट म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये, महिन्याला अडीच हजार. शिल्लक कर्ज जसे कमी होते तसा हा आकडाही थोडा उतरतो, पण अंदाजाला हे पुरते.

आता कुणी म्हणेल, महिन्याला अडीच हजारांचा भार वाढला तर तो घराला जाणवलाच असेल. नाही जाणवला, आणि गोम तेथेच आहे. बँकेने हप्ता वाढवलाच नाही. तो ९,१६० च राहिला. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवण्याची पद्धत तेव्हा सर्रास होती, आणि घरातल्यांनाही ते बरे वाटले. पण हप्त्यातून आधी व्याज कापले जाते आणि उरेल ते मुद्दलात जाते. ताईंच्या उताऱ्यावर आम्ही बोट ठेवत गेलो. जानेवारी २०२२ च्या पहिल्या हप्त्यातून मुद्दलात २,३६० रुपये गेले होते. जुलैत दर ७७० झाला, तेव्हा गेले १,५५२. ऑक्टोबरमध्ये ५९८. जानेवारी २०२३ मध्ये २६७. आणि एप्रिल २०२३ मध्ये ९,१६० रुपयांपैकी ९,१३२ रुपये व्याजात गेले, मुद्दलात पडले अवघे अठ्ठावीस रुपये. सव्वा वर्ष एकही हप्ता न चुकवता भरून १२ लाखांतले २२ हजारांच्या आत-बाहेर फिटले होते.

आम्ही त्या दराने हिशेब लावून पाहिला. दर आणि हप्ता दोन्ही तसेच राहिले असते, तर हे कर्ज फिटायला एप्रिल २०२३ पासून बासष्ट वर्षांहून अधिक काळ लागला असता. दर आणखी दहा बेसिस पॉइंटने वाढला असता, तर पूर्ण हप्ता भरूनही व्याज भागले नसते आणि उरलेले व्याज मुद्दलात चढले असते. ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही नुसते भाडे भरत होतो म्हणा."

असे प्रकार त्या काळात पुष्कळ झाले, आणि १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने त्याबाबत परिपत्रक काढले. दर बदलल्यावर हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होतो ते कर्जदाराला कळवावे, हप्ता वाढवायचा की मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे त्याला निवडू द्यावे, आणि मुदत इतकी वाढवू नये की हप्त्यातून व्याजही भागणार नाही, असे त्यात आहे. जुन्या कर्जांनाही ते ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करायचे होते. ताईंच्या घरी त्यानंतर कागद आला. वीस वर्षांतच कर्ज संपवायचे तर हप्ता ११,१०० च्या आसपास हवा होता. दोघांनी ओव्हरटाइम आणि शिवणकाम यांचा मेळ घालून जानेवारी २०२४ पासून तेवढा हप्ता सुरू केला. ओढाताण झाली, पण मुद्दल पुन्हा हलू लागले.

आता ज्या कागदासाठी ताई आल्या होत्या, त्याकडे येऊ. २०२५ मध्ये रेपो दर उतरणीला लागला. फेब्रुवारीत २५, एप्रिलमध्ये २५, जूनमध्ये ५० आणि डिसेंबरमध्ये २५ अशी कपात झाली. बेरीज १२५. येथे बेसिस पॉइंटवरून टक्क्यांकडे परत यायचे आहे. मुलीने ६५० मधून १२५ वजा केले, ५२५ आले, उजवीकडून दोन आकड्यांवर टिंब दिले, ५.२५ टक्के. डिसेंबर २०२५ मध्ये रेपो दर तेवढाच झाला होता.

पण आपल्याला भरावा लागतो तो दर रेपो नव्हे. बँक रेपोवर आपला जादा आकडा चढवते, त्याला स्प्रेड म्हणतात, आणि तो करारपत्रात लिहिलेला असतो. ताईंच्या करारात रेपो ४.०० आणि स्प्रेड २.८० होता. मिळून ६.८०. बेसिस पॉइंटमध्ये ४०० आणि २८०. करार सुरू असताना स्प्रेड वाटेल तेव्हा वाढवता येत नाही. म्हणून जानेवारी २०२६ मध्ये दर ५२५ अधिक २८०, म्हणजे ८०५ असायला हवा. टक्क्यांत ८.०५. येथे पुन्हा तेच शून्य होते, पण यावेळी मुलीने ते गिळले नाही.

समजा बँकेच्या कागदावर ८.३० असता, तर पंचवीस बेसिस पॉइंट वाटेत अडकले असे समजायचे. ताईंचे शिल्लक कर्ज सुमारे ११ लाख २० हजार आहे. ११.२ गुणिले २५ गुणिले १०, म्हणजे वर्षाला २,८०० रुपयांचा प्रश्न. मात्र लगेच भांडायला जाऊ नये. आधी दर बदलण्याची तारीख पाहावी. रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर तीन महिन्यांतून किमान एकदा बदलावा लागतो, त्यामुळे डिसेंबरची कपात एखाद्याला जानेवारीत मिळते, तर एखाद्याला मार्चमध्ये. तारीख उलटून गेली आणि तरीही आकडा जुळत नसेल, तर शाखेत जाऊन लेखी विचारावे: माझ्या करारातला स्प्रेड २८० आहे, रेपो ५२५ आहे, मग ८३० कसे? तोंडी आणि टक्क्यांत विचारले, की उत्तर गोल मिळते, हा आमचा अनुभव आहे.

एक मर्यादा सांगायलाच हवी. रेपोसारख्या बाहेरच्या दराशी गृहकर्ज जोडण्याची सक्ती १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना आहे. गृहवित्त कंपन्यांना ती नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मूळ दरावर चालतो. कर्ज अशा कंपनीचे असेल किंवा त्या तारखेपूर्वीचे असेल, तर रेपोची यादी आणि तुमच्या कर्जाची यादी जुळेलच असे नाही. रूपांतर तेच, तुलना मात्र त्यांच्या मूळ दराशी करावी लागेल.

ताईंकडे कागद आणखी एक होता, त्यांच्या बचत गटाचा. गटातून काढलेल्या पाच हजारांवर २ टक्के व्याज. मुलीने उत्साहात लगेच २०० लिहिले आणि म्हणाली, "आई, गटाचे किती स्वस्त! बँक ८०५ घेते, गट २००." आम्ही तिला थांबवले. गटाचे २ टक्के महिन्याचे असतात, शेकडा दोन रुपये महिना. बँकेचा दर वर्षाचा. एका यादीत ठेवायचे तर आधी बाराने गुणायला हवे, मग २४ टक्के, म्हणजे २,४०० बेसिस पॉइंट. सावकाराचे शेकडा पाच असेल तर ते ६,००० होतात. अर्थात गटाच्या व्याजाची रक्कम गटातच राहते आणि सभासदांत फिरते, म्हणून त्याची तुलना सावकाराशी करणे योग्य नाही. पण यादीत महिन्याचे आणि वर्षाचे दर मिसळले, की सगळ्यात महाग कर्ज सगळ्यात स्वस्त दिसू लागते.

मुलगी शाळेत संगणक शिकते. तिला ही यादी तेथे एक्सेलमध्ये करायची होती. करावी, फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरात नुसते 6.8 टाइप केले असेल तर सूत्र असे:

```
=A2*100
```

आणि 6.8% असे टक्क्याच्या चिन्हासह टाइप केले असेल, तर संगणक आत 0.068 धरतो. तेव्हा दहा हजारांनी गुणावे लागते:

```
=A2*10000
```

दोन्हीचे उत्तर ६८० यायला हवे. गृहकर्जाचा दर अलीकडे तीन आकडी असतो, हे डोक्यात ठेवले तर चूक दिसते. ६.८ च आले तर चिन्हाच्या घराला शंभराने गुणले. ६८००० आले तर चिन्ह नसलेल्या घराला दहा हजारांनी गुणले. आकडा ठीक वाटतो पण शेवटी टक्क्याचे चिन्ह लटकते आहे, असे झाल्यास त्या घराचा प्रकार साध्या आकड्यावर आणावा.

जाताना ताईंनी जानेवारीचा उतारा पुन्हा उघडला. ११,१०० रुपयांच्या हप्त्यात व्याज ७,५१२ आणि मुद्दल ३,५८८ होते. त्यांनी मुलीकडून पेन्सिल घेतली आणि एप्रिल २०२३ च्या पानावरच्या अठ्ठावीस रुपयांभोवती एक गोल काढून ठेवला. मालकांना दाखवायला, म्हणाल्या.